क्लासचं पत्रक न वाचताच फेकलं जातं? या चुका टाळा

कॉलेज रोडवर हातात आलेलं पत्रक माणूस चालता चालताच बघतो, तेही फक्त वरून. तिथे कामाचं काही दिसलं तर नजर खाली जाते, नाहीतर कागदाची घडी होते. त्यामुळे ए-फाइव्ह पत्रकातली सगळ्यात मोलाची जागा म्हणजे वरचा एक तृतीयांश भाग. बहुतेक चुकाही तिथेच होतात.

समजा, इंदिरानगरात अकरावीच्या गणिताचा नवा क्लास सुरू होतोय. नेहमीच्या पत्रकात वर देवाचं चित्र, त्याखाली भल्यामोठ्या अक्षरांत क्लासचं नाव आणि मग ‘तज्ज्ञ शिक्षक, वैयक्तिक लक्ष, माफक फी’. नाव नवं, म्हणून ते वाचून कुणाला काही कळत नाही. बाकीचे शब्द तर प्रत्येक क्लास छापतो.

त्याऐवजी वर ‘अकरावी सायन्स : फक्त गणित’ असं लिहा, दोन ओळींत, साधारण ४० पॉइंटमध्ये. त्याखाली ‘रथचक्र चौकाजवळ, संध्याकाळी ६ ते ७:३०’. मग ‘पहिले तीन तास बसून बघा, आवडलं तर फी भरा’, अर्थात हे खरोखर पाळणार असाल तरच. देवाचं चित्र लहान करून कोपऱ्यात ठेवा. क्लासचं नाव आणि २४ पॉइंटमधला फोन नंबर तळाशी एकत्र येऊ द्या. शिक्षकांच्या पदव्यांची यादी मागच्या बाजूला गेली तरी चालते, कारण पत्रक उलटून बघणारा माणूस आधीच थांबलेला असतो.

‘१०० टक्के निकाल’, ‘प्रवेशाची हमी’ असलं काही छापू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी काढलेल्या सूचनांत अशा हमीला मनाई आहे. विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, तीही यश मिळाल्यानंतर घेतलेली.

मराठी मजकूर छापखान्यात हमखास बिघडतो. तुमचा फॉन्ट तिथल्या मशीनवर नसेल, तर जोडाक्षरं आणि वेलांट्या तुटतात. म्हणून अक्षरांचं आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांची चित्रासारखी आकृती करून पीडीएफ द्या. ओळींमधलं अंतर इंग्रजी मजकुराइतकंच ठेवलं, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट धरा. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. छपाईच्या चारही शाया मिसळून काळा केला आणि एखाद्या शाईची प्लेट जराशी सरकली, की अक्षरांना रंगीत कडा येतात.

पडद्यावर सगळंच ठळक दिसतं, म्हणून एक प्रत खऱ्या आकारात काढा. पत्रक आधी न पाहिलेल्या माणसाच्या हातात ती तीन सेकंद देऊन परत घ्या. कुणासाठी, कुठे, कधी, एवढंच विचारा. यातलं एक उत्तर अडलं, तर तेवढी ओळ मोठी करा आणि जागा कमी पडली तर सजावट काढून टाका. छपाईला देण्याआधी त्याच कागदावरचा नंबर बघून फोन लावा.