प्रोटीन, क्रिएटिनिन आणि किडनी : या चुका टाळा

जिममधला मुलगा दिवसाला प्रोटीन पावडरचे दोन स्कूप घेतो आणि घरचे म्हणतात, किडनी जाईल. दुसरीकडे मधुमेह असलेल्या आईला अशक्तपणा वाटतो म्हणून तोच मुलगा तिला प्रोटीनचा डबा आणून देतो, तेव्हा कुणी काही बोलत नाही. खरं तर काळजी दुसऱ्या डब्याची करायला हवी होती.

चूक पहिली : गाळणीचा वेग वाढला म्हणजे बिघाड झाला असं समजणं

प्रोटीनचं जेवण झालं की त्यातली अमिनो आम्लं रक्तात येतात. मग किडनीतल्या गाळणीकडे रक्त आणणाऱ्या बारीक नळ्या रुंदावतात आणि गाळणीचा वेग काही काळ वाढतो. रोजच भरपूर प्रोटीन खाणाऱ्याचा वेग कायमच थोडा वरचा राहतो. 1982 साली ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी मांडलं की या वाढलेल्या दाबामुळे गाळण्या हळूहळू झिजत असाव्यात. 'प्रोटीनने किडनी खराब होते' या समजाला वैद्यकीय आधार तिथून मिळाला. पण त्यामागचा बराचसा पुरावा प्राण्यांवरचा होता, त्यातही मुद्दाम किडनीचा मोठा भाग काढून टाकलेल्या उंदरांवरचा.

निरोगी माणसांत चित्र वेगळं दिसतं. 2018 साली 28 चाचण्या आणि साडेतेराशेच्या आसपास माणसं एकत्र धरून केलेल्या विश्लेषणात जास्त प्रोटीन म्हणजे वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅम किंवा अधिक, नाहीतर दिवसाला 100 ग्रॅम किंवा अधिक, असं धरलं होतं. या गटात गाळणीचा वेग किंचित जास्त आढळला, पण कमी प्रोटीनच्या गटाशी तुलना करता काळाबरोबर तो घसरला नाही. एका किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास गाळण्या असतात. सगळ्या शाबूत असतील तर वाढलेलं काम वाटून घेतलं जातं.

या पुराव्याची मर्यादाही लक्षात घ्या. बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या होत्या. तीस वर्षं रोज किलोला अडीच ग्रॅम खाल्लं तर काय होईल, हे त्यातून ठरत नाही. शिवाय ज्याला किडनी स्टोन होऊन गेलाय त्याचा हिशोब वेगळा. मांसाहारी प्रोटीन वाढलं की लघवीत कॅल्शियम आणि युरिक आम्ल वाढतं, खड्यांना अटकाव करणारं सायट्रेट कमी होतं. आणि 'पाणी भरपूर पी, प्रोटीन धुऊन निघेल' या सल्ल्याला आधार नाही. पाण्याचा उपयोग खडे टाळायला होतो, गाळणीचा दाब त्याने उतरत नाही.

चूक दुसरी : फक्त क्रिएटिनिनवरून निकाल लावणं

क्रिएटिनिन हा रक्तातला एक कचरा, किडनी तो बाहेर टाकते, म्हणून तो वाढला की संशय किडनीवर जातो. सगळा गोंधळ इथे होतो, कारण हा आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो.

समजा, एक तरुण, वय 34, वजन 82 किलो, चार वर्षांचा व्यायाम, रोज 5 ग्रॅम क्रिएटिन आणि दोन स्कूप व्हे, म्हणजे दुधापासूनची प्रोटीन पावडर. तपासणीत क्रिएटिनिन 1.4. लॅबच्या कागदावर गाळणीचा अंदाज, म्हणजे ईजीएफआर, 68 येतो आणि घरात घबराट होते. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये. स्नायू जास्त, वरून क्रिएटिनची पावडर, आदल्या रात्री पाव किलो चिकन आणि सकाळी लेग डे करून थेट लॅबमध्ये, अशा माणसाचं क्रिएटिनिन किडनी ठणठणीत असतानाही वर जातं. कागदावर युरिया 45 दिसला तरी तोच प्रकार. युरिया हा प्रोटीनचाच उरलेला कचरा आहे, जास्त खाल्लं की तो जास्त बनतो.

अशा वेळी क्रिएटिन तीन-चार आठवडे बंद ठेवा. तपासणीआधी दोन दिवस जड व्यायाम नको, आदल्या दिवशी मांस नको, आणि पुन्हा रक्त द्या. सोबत सिस्टॅटिन सी मागा. हे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशी बनवतात, त्यामुळे स्नायूंचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. याच तरुणाचं सिस्टॅटिन सी 0.9 आलं तर त्यावरून ईजीएफआर 99 च्या घरात निघतो. लघवीही स्वच्छ असेल तर किडनीचा प्रश्न तिथेच संपला. मात्र थायरॉइडचा बिघाड, स्टेरॉइडची औषधं, लठ्ठपणा किंवा धूम्रपान असेल तर सिस्टॅटिनही हलतं, हे डॉक्टरांना आधी सांगा.

आता उलटी बाजू. एक बाई, वय 58, वजन 60 किलो, बारा वर्षांचा मधुमेह. क्रिएटिनिन 1.1. बऱ्याच लॅबच्या कागदावर हा आकडा 'नॉर्मल'च्या पट्ट्यात बसतो, ठळक अक्षरात काही येत नाही. पण याच बाईंचा ईजीएफआर काढला तर 58 येतो. स्नायू कमी असल्याने क्रिएटिनिन मुळातच कमी बनतं आणि घट झाकली जाते. 34 वर्षांच्या पहिलवानाचं 1.4 बिनधोक आणि आईचं 1.1 काळजीचं, असं होऊ शकतं.

चूक तिसरी : लघवी न तपासता 'माझी किडनी चांगली आहे' म्हणणं

सुरुवातीचा बिघाड बऱ्याचदा रक्तात दिसण्याआधी लघवीत दिसतो. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, गाळणी बिघडली की ते लघवीत झिरपतं. सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, लॅबवाल्यांच्या भाषेत एसीआर, 30 च्या खाली हवं. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा जोरदार व्यायामानंतर ते तात्पुरतं वाढतं, म्हणून एकाच निकालावर शिक्का मारू नये. 60 च्या खालचा ईजीएफआर किंवा 30 च्या वरचं एसीआर तीन महिने टिकलं, तरच दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात. साध्या लघवी तपासणीतलं 'प्रोटीन निल' इथे पुरत नाही, थोडं अल्ब्युमिन त्या पट्टीला दिसत नाही.

मधुमेह, उच्च रक्तदाब, घरात किडनीविकार, एकच किडनी किंवा वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या, यातलं काहीही असेल तर प्रोटीनचा डबा उघडण्याआधी ईजीएफआर आणि एसीआर दोन्ही करून घ्या.

हे का, ते अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. 2003 साली त्यातल्या 1624 स्त्रियांची अकरा वर्षांची नोंद प्रसिद्ध झाली. ज्यांची किडनी सुरुवातीला ठीक होती, त्यांच्यात जास्त प्रोटीन आणि घसरण यांचा संबंध सापडला नाही. ज्यांची गाळणी सुरुवातीलाच थोडी कमी, साधारण 55 ते 80 होती, त्यांच्यात रोजच्या दर 10 ग्रॅम जास्त प्रोटीनमागे ईजीएफआर सुमारे 1.7 ने अधिक घसरलेला आढळला. दूध सोडून इतर प्राणिज प्रोटीनशी हा संबंध ठळक होता. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, कारण सिद्ध करत नाही. पण गाळण्या कमी उरल्या की वाढीव दाब प्रत्येकीवर जास्त पडतो, या तर्काशी तो जुळतो.

चूक चौथी : निदान झाल्यावर डाळ-दूध सगळं बंद करणं

विकार सापडला की घरातला पहिला हुकूम असतो, 'डाळ बंद'. आधी मोजा. डायलिसिस नसलेल्या, तिसऱ्या टप्प्यापासून पुढच्या प्रौढ रुग्णांसाठी 2024 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना दर किलोला 0.8 ग्रॅम सांगतात, आणि विकार वाढण्याचा धोका असेल तर 1.3 च्या वर जाऊ नका म्हणतात. वरच्या 60 किलोच्या बाईंना म्हणजे दिवसाला 48 ग्रॅम.

त्यांचं ताट मोजू. चार पोळ्या 12 ग्रॅम, दोन वाट्या वरण किंवा आमटी 12, एक वाटी उसळ 7, वाटीभर भात 3, कपभर दूध 6, छोटी वाटी दही 4, भाज्या 2. बेरीज 46. म्हणजे घरचं साधं जेवण आधीच जागेवर आहे, त्यातून काही काढायचं नाही. त्यात 24 ग्रॅमचे दोन स्कूप मिसळले की बेरीज 94 होते, किलोला दीड ग्रॅमच्याही वर. बंद करायचाय तो डबा, वरण नव्हे. (मोजताना एक गफलत नेहमीची : 100 ग्रॅम पनीर म्हणजे 100 ग्रॅम प्रोटीन नाही, 18 ते 20. अंड्यात 6.)

0.8 च्याही खाली जाण्याचा मुद्दा वादाचा आहे. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एमडीआरडी चाचणीत मध्यम विकाराच्या 585 रुग्णांना किलोला 1.3 किंवा 0.58 ग्रॅम प्रोटीन दिलं. कमी प्रोटीनच्या गटात पहिल्या चार महिन्यांत गाळणीचा वेग उलट जास्त पडला, नंतर घसरण मंदावली. सरासरी 2.2 वर्षांच्या पाहणीअखेर ठोस फायदा सिद्ध झाला नाही. पहिल्या महिन्यांतली घसरण हा बहुधा दाब उतरल्याचाच परिणाम. आज रक्तदाब, शुगर आणि लघवीतलं अल्ब्युमिन कमी करणारी औषधं हा मुख्य ब्रेक आहे, जेवण त्याला जोड.

अति कमी खाण्याचा धोका मात्र ठरलेला. उष्मांक कमी पडले की शरीर स्वतःचे स्नायू जाळतं. स्नायू घटले की क्रिएटिनिनही घटतं आणि घरचे खूश होतात, 'पथ्याने किडनी सुधारली'. म्हणून क्रिएटिनिन उतरतंय आणि सोबत वजनही उतरतंय, कपडे सैल होताहेत, जिना चढताना पाय भरून येताहेत, तर ती सुधारणा समजू नका. 0.6 पर्यंत जायचं असेल तर मूत्रपिंडतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांच्या देखरेखीखालीच.

चूक पाचवी : डायलिसिस सुरू झाल्यावरही जुनं पथ्य चालू ठेवणं

इथे नियम उलटा होतो. एका हिमोडायलिसिसमध्ये अनेक ग्रॅम अमिनो आम्लं यंत्राबरोबर निघून जातात आणि त्या प्रक्रियेने शरीराची झीजही वाढते. म्हणून लक्ष्य किलोला 1.0 ते 1.2 ग्रॅम. 60 किलोच्या त्याच बाईंना 48 ऐवजी 60 ते 72. ताटात दोन अंड्यांचा पांढरा भाग आणि थोडं पनीर किंवा मासा वाढवावा लागतो, पण पोटॅशियम आणि फॉस्फरसकडे बघून. पांढऱ्या भागात फॉस्फरस नगण्य, तो बलकात असतो. सॉसेज, नगेट्स अशा पाकीटबंद मांसात फॉस्फेट वरून घातलेलं असतं, ते टाळा. डायलिसिस युनिटच्या आहारतज्ज्ञाला महिन्याच्या रक्ततपासणीचा कागद दाखवून प्रमाण नव्याने ठरवून घ्या, डायलिसिसच्या आधीचा जुना तक्ता फाडून टाका.