कुर्ता भारी, पण खाली घातलेलं जमत नाही? या चुका टाळा

अखाजीला माझी भाची माहेरी आली तेव्हा नवा कुर्ता घालून दाखवायला आली, कापड इतकं छान, गळ्याला बारीक काम, आणि तरी आरशासमोर उभी राहून म्हणते मावशी मी यात बुटकी आणि जाड का दिसतेय गं. शेजारच्या आजी तर सरळच म्हणाल्या, हाई काय व माय. कुर्त्यात काहीच वाईट नव्हतं. चूक खालच्या प्लाझोत होती, आणि ही चूक मी इतक्या जणींची बघते की आज नीट लिहूनच टाकते.

आपण जळगावच्या फुले मार्केटमध्ये गेलो की कुर्ता बघतो, मग त्याला मॅचिंग रंगाचं खालचं शोधतो, आणि रंग जुळला की काम झालं असं धरून चालतो. रंग नंतर बघायचा हो. आधी बघायचं की कुर्त्याची खालची कड तुमच्या पायावर नेमकी कुठे पडते. दुकानात 44 इंच लिहिलेलं असतं ते खांद्यापासून, म्हणजे गळ्याजवळच्या वरच्या टोकापासून मोजलेलं, पण तोच 44 चा कुर्ता पाच फूट सहा इंचाच्या मुलीला पोटरीपर्यंत येतो आणि पाच फूट एक इंचाच्या मुलीला पार घोट्याच्या जवळ जातो, म्हणून मैत्रिणीचं बघून जोडी ठरवू नका. घरी चप्पल न घालता सरळ उभ्या राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून कुर्त्याच्या कडेपर्यंत टेप लावायला सांगा. स्वतः वाकून मोजलं तर कड जागेवरून हलते आणि माप चुकतं.

भाचीचं मोजलं. उंची पाच फूट एक, कुर्ता 44, कड जमिनीपासून बरोबर 8 इंचांवर. खाली प्लाझो, एका पायाची मोहरी 26 इंच, जमिनीला जेमतेम इंचभर कमी. म्हणजे प्लाझो दिसत होता फक्त सात इंच, तेवढ्यात त्याचा घेर काही कळतच नाही, नुसती झालर लावल्यासारखी वाटते, आणि कुर्ता ए-लाइन, त्याला कट नाही, मग कुर्ताही खाली पसरलेला आणि त्याच्या खालून प्लाझोही पसरलेला. पाय कुठेच दिसत नाही म्हटल्यावर उंची कमी वाटणारच.

मी तिला माझी साधी स्ट्रेट पॅन्ट दिली, मोहरी 13 इंच, घोट्याच्या हाडाच्या जरा वर संपणारी. कुर्त्याखाली चार-पाच इंच सरळ कापड आणि मग मोकळा घोटा दिसला, बस एवढ्यावर पोरगी उंच दिसायला लागली. आणि तिचा प्लाझो फुकट गेला असं नाही बरं का, तोच प्लाझो मी तिला 34 इंचाच्या सरळ कुर्त्याखाली घालायला लावला, कड गुडघ्याच्या जरा वर आली, खाली दीड फूट प्लाझो मोकळा पडला, आणि तेव्हा कुठे त्याचा घेर दिसला. लांब कुर्त्यावर प्लाझो घालायचाच असेल तर कुर्ता सरळ हवा आणि दोन्ही बाजूंचे कट मांडीपासून हवेत, म्हणजे चालताना पुढचा-मागचा पल्ला बाजूला होतो आणि आतला प्लाझो दिसतो. कट नसलेल्या ए-लाइनला टेलरकडून बाजूची शिवण उसवून कट काढता येतो, पण आत अर्धा-पाऊण इंच मार्जिन आहे का ते आधी उलटं करून बघा, नसेल तर दुमडायला कापडच उरत नाही.

आता सगळ्यात त्रासाची लांबी. पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर येणारी कड. भाचीच्या उंचीला ती साधारण 39-40 इंचाला येते, आणि तिथे खाली लेगिंग किंवा घट्ट चुडीदार घातलं की नजर बरोबर त्या जाड भागावर थांबते आणि पाय आहे त्यापेक्षा भरलेला वाटतो. इथे आपली जुनी सलवार कामाला येते, जिला मुली आता नाकं मुरडतात. सलवारीचं कापड पोटरीवरून सैल खाली येतं आणि घोट्याशी बक्रम लावलेल्या मोहरीत आवळतं, त्यामुळे पोटरीचा आकार मुळी दिसतच नाही, शिवाय मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात लायक्राचं लेगिंग पायाला चिकटून जो जीव घेतं त्यापेक्षा सुती सलवार हजारपट बरी. सलवार नको असेल तर कुर्ता अडीच-तीन इंच वर घेऊन तुरपाई करा, कड गुडघ्याच्या जरा खाली आली की स्ट्रेट पॅन्ट चालते.

आणि कधी कधी कुर्ता घेताना बरोबर होता आणि नंतर बिघडला असं होतं, ते सुती कापड आटल्यामुळे. 42 इंचाचा कुर्ता पहिल्या एक-दोन धुण्यात सहज इंच-दीड इंच आखडतो आणि कड नेमकी त्या जाड भागावर येऊन बसते. शिवायला टाकायचं कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून मगच टेलरला द्या, आणि रेडीमेड सुती असेल तर एक धुणं झाल्यावरच खालचं ठरवा.

चुडीदारची तक्रार वेगळी असते. चुण्या पडत नाहीत, गुडघ्याला ताण येतो, खाली बसलं की शिवण उसवते. कारण बहुतेक वेळा दोनच असतात, एक तर कापड उभं कापलेलं असतं, चुडीदार तिरकं म्हणजे उरेब कापावं लागतं तेव्हाच ते ताणतं, नाहीतर लांबी कमी घेतलेली असते. कमरेपासून घोट्यापर्यंत 36 भरत असेल तर चुडीदार 43-44 तरी हवं, ते वरचे सात-आठ इंच म्हणजेच चुण्या. उभं कापलेलं असेल तर ते सुधारत नाही, त्यात पैसे घालू नका. घेरदार अनारकलीखाली मात्र चुडीदारच घाला, वर एवढा घेर असताना खाली पाय बारीक दिसायलाच हवा.

गळ्याचा आणि पायजम्याचा काय संबंध असं वाटेल, पण आहे. बोट नेक खांदे रुंद दाखवतो, त्यामुळे ज्यांचे खांदे मुळातच रुंद आहेत त्यांनी बोट नेकखाली चुडीदार घातलं की वरचं अंग जड आणि खाली काड्या असं दिसतं, त्यांनी सलवार किंवा प्लाझो घेऊन खाली थोडी रुंदी द्यावी. खांदे बारीक असतील तर बोट नेक आणि स्ट्रेट पॅन्ट मस्त जमते. बंद गळा किंवा पट्टी कॉलर असेल तर पुढून सगळं सरळ उभं दिसतं, तिथे स्ट्रेट पॅन्टसारखं दुसरं काही नाही, मान आखूड असेल तर मात्र कॉलरऐवजी व्ही गळा घ्या. आणि गळ्यावर भरगच्च काम असेल तर पॅन्टच्या मोहरीला लेस नको, दोन्हीकडे नजर खेचली जाते.

गाडीवर मागे बसणाऱ्यांसाठी एक, जमिनीला टेकणारा प्लाझो घालून मोटरसायकलवर मागे बसू नका, मोहरी चाकात किंवा चेनमध्ये अडकते, एसटीच्या पायरीवरही पायात येतो. रोज कॉलेजला जायचं असेल तर प्लाझो घोट्यापर्यंतच ठेवून घ्या. भाचीचा आम्ही तीन इंच कमी केला, आतल्या बाजूला दुमडून, कापला नाही, कारण हिलची सँडल घालायची असली की तो परत सोडता येतो.