हरवलेल्या वस्तूवर बक्षीस जाहीर झालंय? सापडणाऱ्याने या चुका टाळा

समजा, ठाण्यात राम मारुती रोडवर खरेदीला आलेल्या एका बाईंची सोन्याची पाटली हरवली. दुसऱ्या दिवशी नौपाड्यात कागद लागले : ‘पाटली आणून देणाऱ्यास रोख 10,000 रुपये बक्षीस’, खाली मोबाइल नंबर. पाटली सापडली होती गावदेवीपाशी भाजी विकणाऱ्या मावशींना. कागद वाचून त्यांनी फोन केला आणि पाटली घरी नेऊन दिली. बाईंनी हातावर पाचशेची नोट ठेवली. ‘मावशी, एवढं घ्या. तेव्हा घाबरून लिहिलं होतं हो आम्ही.’

उरलेले 9,500 रुपये मावशी कायद्याने मागू शकतात. भारतीय करार कायदा, 1872 मधलं कलम 168 नेमकं याच प्रसंगासाठी आहे. मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल, तर सापडणाऱ्याला त्यासाठी दावा लावता येतो आणि बक्षीस मिळेपर्यंत वस्तू आपल्याकडे ठेवताही येते. घाबरून लिहिलं होतं, ही सबब चालत नाही. वस्तू परत येण्याआधी बाईंनी बक्षीस जाहीरपणे मागे घेतलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

कागदावरचा आकडा न पाहणं

पुष्कळ कागदांवर ‘योग्य बक्षीस दिले जाईल’ एवढंच असतं. तिथे मावशींची बाजू लंगडी पडते, कारण कलमाला ठरावीक बक्षीस हवं. अशा वेळी शोधाशोध, जपणूक, रिक्षाभाडं यांच्या भरपाईसाठी वस्तू अडवून ठेवता येते, पण त्या भरपाईसाठी दावा लावता येत नाही. म्हणून फोनवरच विचारावं, ‘ताई, बक्षीस किती?’ उत्तर मेसेजवर आलं तर उत्तम.

कागदाचा फोटो पहिल्याच दिवशी काढा. वस्तू मिळाली की लोक कागद काढून टाकतात. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला असेल तर तो फोनमधून पुसू नका. कोर्टात त्याची प्रत द्यायची झाली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

बक्षिसाची माहिती उशिरा होणं

अलाहाबाद उच्च न्यायालयाचा 1913 मधला लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त हा निकाल इथे पाहावा लागतो. मालकाचा पुतण्या घरातून निघून गेला होता. त्याला शोधायला मुनीमाला हरिद्वारला पाठवलं. तो गेल्यावर मालकाने 501 रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. मुलगा मुनीमाला ऋषिकेशला सापडला, पण तेव्हा त्याला बक्षिसाची कल्पना नव्हती. दावा फेटाळला गेला : जो प्रस्ताव माहीतच नाही, तो स्वीकारता येत नाही. शिवाय शोधणं हे त्याचं नोकरीचंच काम होतं.

मावशींचं तसं नाही. पाटली उचलताना त्यांना काही माहीत नव्हतं, पण कागदावरची अट ‘आणून देणं’ ही होती, आणि आणून देताना त्यांना बक्षीस माहीत होतं. पाटली देऊन आल्यावर कागद दिसला असता, तर लालमनचा निकाल त्यांच्या आड आला असता.

अट अक्षरशः पाळली नाही म्हणून नेहमीच हक्क जातो असं मात्र नाही. त्याच न्यायालयाच्या 1925 मधल्या हरभजन लाल विरुद्ध हरचरण लाल या प्रकरणात हरवलेल्या मुलाला घरी आणून देणाऱ्यास 500 रुपये जाहीर झाले होते. सापडणाऱ्याने मुलाला पोलीस ठाण्यात नेलं आणि वडिलांना तार केली. तेवढंही बक्षिसाला पुरेसं ठरलं.

अडवून ठेवणं आणि लपवून ठेवणं यात गल्लत

ही चूक सर्वात महागात पडते. वस्तू अडवण्याचा हक्क उघडपणे वापरायचा असतो. ‘पाटली माझ्याकडे सुरक्षित आहे, जाहीर केलेले 10,000 रुपये देऊन ओळख पटवून घेऊन जा,’ असा मेसेज मालकाला पाठवावा. फोन बंद ठेवला, वस्तू सापडलीच नाही म्हटलं किंवा परस्पर मोडली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली अप्रामाणिक अपहाराचा गुन्हा होऊ शकतो, आणि त्याला किमान सहा महिने कैद आहे. दहाऐवजी वीस हजार मागण्याचाही हक्क नाही. ताबा आहे तोवर वस्तू स्वतःच्या वस्तूसारखी जपावी लागते.

पैसे हाती येण्याआधी पाटली दिली की अडवण्याचा हक्क संपतो, दाव्याचा मात्र राहतो. म्हणून देवाणघेवाण एकाच वेळी व्हावी, शक्यतो पोलीस ठाण्यात.

पाचशे घेऊन गप्प बसणं

तिथल्या तिथे ‘बाकीचे 9,500 येणं आहे’ असा मेसेज टाका. कशावरही ‘पूर्ण मिळाले’ अशी सही करू नका. मग वकिलाची नोटीस, आणि तरीही दिले नाहीत तर तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा. हे ग्राहक आयोगाचं काम नाही. एवढ्या रकमेसाठी कोर्टाच्या तारखा परवडत नाहीत, म्हणून मावशींनी आधी ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व लोकअदालतीसाठी अर्ज करावा. समोरची बाजू तडजोडीला तयार झाली तर तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं. ती आलीच नाही, तर दाव्याचा रस्ता तसाच मोकळा राहतो.