सातबारा, satbara की 7/12? मराठी कीवर्ड शोधताना शिकलेलं

कीवर्ड रिसर्चचं माझं पहिलं मराठी काम शेतजमिनीच्या कागदपत्रांची माहिती देणाऱ्या साइटचं होतं. हातात इंग्रजी यादी होती. त्यातल्या 'लँड रेकॉर्ड'चं मी 'भूमी अभिलेख' असं भाषांतर केलं आणि तेच शीर्षक देऊन पान उभं केलं. माणसं आली ती भलत्याच कामाने. कुणाला त्या खात्यातली भरती हवी होती, कुणाला खात्याची साइट. ज्याला आपल्या गट नंबरचा उतारा काढायचाय, तो 'भूमी अभिलेख' म्हणतच नाही. तो सातबारा म्हणतो.

तेव्हापासून भाषांतरित यादीवरून काम सुरू करायचं नाही, हे मी पक्कं ठरवलं. लोक तो सातबारा टाइप कसा करतात, तिथून सुरुवात करायची.

साइट काही महिने चालू असेल तर गूगल सर्च कन्सोलचा परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा. तिथे एकाच गोष्टीची अशी रूपं दिसतात: `7/12 utara`, `712 utara`, `satbara`, `saat bara online`, `सातबारा उतारा`, `७/१२ डाउनलोड`, `7/12 kasa kadhaycha`. प्रत्येक ओळ सुटी पाहिली तर आकडा किरकोळ वाटतो आणि नवखा माणूस विषयच सोडून देतो. म्हणून आधी सगळी रूपं एका गटात आणायची. क्वेरीच्या फिल्टरमध्ये 'कस्टम (रेजेक्स)' निवडून मी हे टाकतो:

```
7[ /-]*12|७[ /-]*१२|sa+t ?ba+ra|सात ?बारा|uta+ra|उता[रऱ]
```

`a+` मुळे satbara आणि saatbara दोन्ही सापडतात. रोमनमध्ये ऱ्हस्व-दीर्घ ज्याचा तो ठरवतो, त्यामुळे ही सोय लागतेच.

शेवटचा `[रऱ]` मात्र मला बराच उशिरा सुचला. आधी मी नुसतं `उतारा` लिहायचो आणि 'उताऱ्यावरील नाव कमी करणे', 'उताऱ्यावर बोजा चढवणे' अशा क्वेरी यादीत येतच नव्हत्या. मराठीत प्रत्यय लागला की शब्दाचं अंग बदलतं. उतारा, पण उताऱ्यावर. जमीन, पण जमिनीचा. त्यात भर म्हणजे 'ऱ्या' तीन प्रकारे टाइप होतो. कुणी ऱ हे वेगळं अक्षर वापरतो, कुणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्हाचा कॅरॅक्टर घालून तेच रूप काढतो, तर कुणाच्या कीबोर्डवर रफार येऊन 'उतार्या' उमटतं. पहिली दोन पडद्यावर जवळजवळ सारखीच दिसतात, पण एक्सेलमध्ये वेगळ्या ओळी होतात. एकच क्वेरी दोनदा दिसली तर डेटा बिघडला असं समजू नका. आधी हे तपासा.

रिपोर्टमध्ये एका वेळी फक्त १००० ओळी दिसतात आणि अगदी विरळ क्वेरी गोपनीयतेसाठी लपवल्या जातात. म्हणून आधी एका पानाचं फिल्टर लावा, मग ओळी पाहा. साइट नवी असेल तर गूगलच्या सर्चपेटीत प्रत्येक रूप अर्धवट टाइप करून सुचवण्या टिपून घ्या. कीवर्ड प्लॅनरमध्ये भाषा फक्त मराठी ठेवून थांबू नका, इंग्रजी ठेवूनही पाहा. मराठी बोलणाऱ्या पुष्कळ लोकांच्या फोनची भाषा इंग्रजीच असते.

हिंदी क्वेरी वेगळ्या काढा. `7/12 kaise nikale` विचारणाऱ्यालाही महाराष्ट्रातलाच उतारा हवा असेल, पण त्याला मराठी पान वाचायचंय की नाही, हे त्या क्वेरीवरून कळत नाही. 'kasa', 'kadhaycha', 'mhanje' हे शब्द मात्र मराठीची खूण आहेत.

आता प्रश्न येतो, लिपीगणिक वेगळं पान करायचं का? मी खाजगी विंडोत `satbara utara` आणि `सातबारा उतारा` दोन्ही शोधतो आणि पहिले दहा दुवे शेजारी ठेवतो. निम्म्याहून जास्त समान निघाले तर एकच पान पुरतं. हा माझा ठोकताळा आहे, नियम नव्हे. वेगळं पान लागतं ते हेतू बदलला तर. `satbara` टाकणाऱ्याला बहुतेकदा सरळ महाभूलेखची साइट हवी असते. 'उताऱ्यावरील नाव कमी करणे' लिहिणाऱ्याला फेरफाराची प्रक्रिया हवी असते, त्याला त्या साइटचा दुवा देऊन काय उपयोग?

शेवटी त्या पानाचं शीर्षक आम्ही '7/12 उतारा (सातबारा) ऑनलाइन कसा काढायचा' असं ठेवलं. पत्ता रोमनमध्ये `satbara-utara` केला, कारण देवनागरी पत्ता कॉपी केला की टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. रोमन स्पेलिंगांची यादी मजकुरात कुठेही कोंबली नाही. वाचणाऱ्याला ती खटकते आणि रोमनमध्ये शोधणाऱ्याला देवनागरी पान बहुधा तिच्याशिवायही सापडतं. नाव कमी करण्याचं आणि बोजाचं अशी दोन पानं त्यानंतर वेगळी लिहिली.