गुपचूप आखलेल्या निरोप समारंभाचे निमंत्रण : या चुका टाळा

निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला आधी कळू न देता निरोप समारंभ ठरवला जातो, तेव्हा गुपित बहुतेक वेळा निमंत्रणाच्या पहिल्याच संदेशात फुटते. त्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे विभागाचा तयार ईमेल गट. त्या गटात सत्कारमूर्ती स्वतः असतातच, पण गटाचे एकच नाव दिसत असल्यामुळे पाठवणाऱ्याच्या ते ध्यानात येत नाही. म्हणून तयार गट न वापरता पत्ते एकेक करून निवडावेत आणि ते Bcc मध्ये टाकावेत. असे केल्यास कोणी सर्वांना उत्तर देण्याचा पर्याय निवडला, तरी ते उत्तर इतर निमंत्रितांपर्यंत जात नाही आणि मागाहून चुकून वाढलेली नावेही त्या साखळीत शिरत नाहीत. संदेशवाहक ॲपवरही जुन्या गटातून एक नाव वगळण्यापेक्षा नवा गट करणे बरे, कारण वगळलेल्या व्यक्तीला आपण गटात नसल्याचे दिसते.

दुसरी चूक विषयाच्या ओळीत होते. लॉक असलेल्या फोनच्या पडद्यावर आणि शेजारच्या संगणकाच्या कोपऱ्यात तीच ओळ झळकते. त्यामुळे ‘निरोप समारंभ’ हे शब्द आणि निवृत्त होणाऱ्यांचे नाव तेथे नको. मात्र ‘महत्त्वाचे’ एवढेच लिहिले, तर लोक संदेश उघडायचे राहून जातात. ‘शुक्रवार, 27 तारीख : आजच उत्तर हवे’ अशी ओळ दोन्ही अडचणी टाळते. हीच काळजी कॅलेंडरमध्येही घ्यावी, कारण सामायिक कॅलेंडरमध्ये किंवा सभागृहाच्या आरक्षणात कार्यक्रमाचे शीर्षक इतरांना दिसू शकते. पाठवण्यापूर्वी संदेश स्वतःच्या फोनवर पाठवावा आणि फोन लॉक असताना किती मजकूर वाचता येतो, ते पाहावे. हा तपास मला सर्वांत उपयोगाचा वाटतो.

तारीख लिहिताना वार आणि तारीख जुळतात का, हे पुन्हा पाहावे. कामाचा अगदी शेवटचा दिवस निवडण्याचा मोहही टाळावा, कारण त्या दिवशी कागदपत्रे, कार्यभार सोपवणे आणि भेटीगाठी यांतच वेळ जातो आणि काही जण शिल्लक रजा घेऊन त्याआधीच जाणे बंद करतात. वेळा दोन द्याव्यात : निमंत्रितांनी 4.40 पर्यंत जमावे आणि सत्कारमूर्ती 5 वाजता येतील. त्यांना तेथे कोण आणणार, हेही त्याच ओळीत लिहिले, तर दारात गोंधळ होत नाही. स्थळाचा मजला व दालन मात्र नेमके लिहावे, कारण रस्ता चुकलेला माणूस नेमके त्यांनाच विचारतो.

वर्गणीची चूक सर्वांत जास्त मने दुखावते आणि ती बहुधा हिशेबातूनच सुरू होते. समजा, 24 जणांना निमंत्रण गेले आणि जागेचा ठरलेला खर्च 24 ने भागून प्रत्येकी रक्कम कळवली. प्रत्यक्षात 18 जण आले, तर गोळा झालेली रक्कम खर्चाच्या तीन चतुर्थांशच भरते आणि उरलेल्या चौथ्या भागासाठी पुन्हा मागणी करावी लागते. येऊ न शकणाऱ्या 6 जणांपैकी काहींना भेटवस्तूत सहभागी व्हायचे असते, परंतु एकच रक्कम सांगितल्यामुळे नेमके काय द्यावे, हे त्यांना कळत नाही. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. जागेचा खर्च फक्त येणाऱ्यांवर आणि होकार आल्यानंतरच वाटावा. भेटवस्तूसाठीची वर्गणी ऐच्छिक ठेवावी आणि तिचा किमान आकडा सांगू नये. रक्कम कोणी किती दिली याचा सामायिक तक्ता करू नये, कारण नुकत्याच रुजू झालेल्या सहकाऱ्यावर त्याचे नकळत दडपण येते. वर्गणी एकाच व्यक्तीकडे द्यावी आणि शुभेच्छापत्रावर सर्वांची नावे सारखीच यावीत.

या सर्व गोष्टी सांभाळून मजकूर असा होऊ शकतो :

‘शुक्रवार, 27 तारखेला सायंकाळी 4.40 वाजता दुसऱ्या मजल्यावरील मोठ्या दालनात जमावे, ही विनंती. कार्यक्रम 5 वाजता सुरू होईल. येणार की नाही, हे 16 तारखेपर्यंत फक्त मला कळवावे. भेटवस्तूसाठी इच्छेनुसार वर्गणी 19 तारखेपर्यंत माझ्याकडे द्यावी. येणे जमणार नसले, तरी तीत सहभागी होता येईल. या विषयावर जागेवर बोलू नये आणि हा संदेश पुढे पाठवू नये.’

19 तारीख यासाठी, की भेटवस्तूवर नाव कोरायचे असेल, तर तिची मागणी त्यानंतर लगेच द्यावी लागते आणि मधल्या आठ दिवसांत एखादी दुरुस्तीही करता येते.

इतके करूनही संदेश त्यांच्यापर्यंत पोहोचलाच, तर तो परत घेण्याची घाई करू नये. हटवलेल्या संदेशाची खूण बहुधा मागे राहते आणि ‘तो संदेश वाचू नका’ असा दुसरा संदेश तर हमखास वाचला जातो. त्यांच्या जवळच्या एकाच सहकाऱ्याने प्रत्यक्ष भेटून त्यांना कल्पना द्यावी आणि समारंभ नको असेल तर तसे सांगण्याची मोकळीकही द्यावी. त्यांचा होकार असेल, तर तारीख, स्थळ आणि वर्गणी यांत काहीच बदलण्याची गरज पडत नाही.