पुराच्या आठवड्यासाठी पाणी आणि शिधा

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरात उपसा केंद्रे बुडून कोल्हापुरातील नळ बंद पडले. तेव्हापासून पावसाळ्याआधी आम्ही चौघांसाठी, माणशी रोज चार लिटर धरून, आठवड्याचे 112 लिटर पाणी घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरतो आणि प्रत्येक कॅनवर तारखेची चिठ्ठी लावतो. सर्वांत जुना कॅन आधी वापरून, धुऊन, पुन्हा भरला जातो.

खरी अडचण टँकरच्या गढूळ पाण्याची होती. क्लोरीनची गोळी टाकूनही वास टिकत नसे, कारण क्लोरीन गाळातच खर्ची पडत होते. आता मी आधी तुरटी फिरवून गाळ बसू देतो, वरचे नितळ पाणी चौपदरी फडक्यातून गाळतो आणि मगच वेष्टनावरच्या प्रमाणात गोळी टाकतो. अर्ध्या तासाने क्लोरीनचा मंद वास आला नाही, तर तीच मात्रा पुन्हा देतो. डिझेल किंवा कीटकनाशक मिसळलेले पाणी मात्र क्लोरीनने किंवा उकळून पिण्याजोगे होत नाही. ते ओतूनच द्यावे.

शिध्यात पोहे, फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ असतात, कारण त्यांना इंधन लागत नाही आणि पाणीही फारसे लागत नाही. शेंगदाणे लवकर खवट होतात, म्हणून तेवढे दर महिन्याला घरच्या कुटासाठी काढून ताजे भरतो.