दुपारी बारा ते दोन सलूनची डायरी कोलमडते? अपॉइंटमेंट देताना या चुका टाळा

दुपारच्या सुट्टीत केस कापायला येणाऱ्या क्लायंटला वेळेत कामावर परतायचं असतं. सकाळच्या क्लायंटला पंधरा मिनिटं थांबवलं तर तो नाराज होईल, पण थांबेल. दुपारचा थांबू शकत नाही. म्हणून उशीर कुठेही झाला तरी चालेल, या दोन तासांत होता कामा नये. आणि नेमका तो याच वेळी होतो. याला बहुतेक वेळा स्टायलिस्टचा हात जबाबदार नसतो, फोनवर वेळ देण्याची पद्धत जबाबदार असते.

सेवेची लांबी मोजली, हात कधी अडकतात ते पाहिलं नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे. डायरीत ‘कलर, दोन तास’ असं लिहिलं जातं. पण कलरमध्ये स्टायलिस्ट सलग दोन तास उभी नसते. आधी रंग कालवून लावायचा, मग रंग चढेपर्यंत थांबायचं, शेवटी केस धुऊन ब्लो ड्राय करायचं. मधल्या टप्प्यात क्लायंट खुर्चीत असते, पण स्टायलिस्टचे हात मोकळे असतात. डायरीत हे तीन टप्पे वेगळे दिसले पाहिजेत. बऱ्याच बुकिंग सॉफ्टवेअरमध्ये सेवेच्या मधला मोकळा वेळ वेगळा नोंदवायची सोय असते. कागदी डायरी असेल तर तेवढ्या भागात पेन्सिलीने तिरक्या रेघा मारल्या तरी पुरतं.

उदाहरण घेऊ. एका स्टायलिस्टला रंग लावायला ४० मिनिटं लागतात, रंग चढायला ३५ आणि धुऊन वाळवायला ४०. एकूण ११५ मिनिटं. क्लायंटला साडेअकराची वेळ दिली तर रंग लावून होतात १२:१०. तिथून १२:४५ पर्यंत हात मोकळे. मग १२:४५ ते १:२५ पुन्हा त्याच क्लायंटपाशी. म्हणजे बारा ते दोनमध्ये अर्ध्या तासाचे हेअरकट किती बसले? एक मधल्या फटीत, एक १:२५ ला. फक्त दोन.

तोच कलर दहाला घेतला तर ११:५५ ला खुर्ची रिकामी. आता १२, १२:३०, १:१५ आणि १:४५ अशा चार वेळा देता येतात. कलर तेवढाच, स्टायलिस्टचे कष्ट तेवढेच, फरक फक्त सुरुवातीच्या वेळेचा. यावरून फोन घेणाऱ्याला एक साधा नियम देता येतो: जी सेवा बाराच्या आत संपत नाही ती सकाळी उशिरा सुरू करायची नाही, तिला दुपारी अडीचनंतरची वेळ सुचवायची. जुनी क्लायंट साडेअकराच हवेत म्हणून अडून बसली आणि सलूनमध्ये दोन स्टायलिस्ट असतील, तर एकीने कलर घ्यावा आणि दुसरीचे दोन तास पूर्ण मोकळे ठेवावेत. दोघींना एकाच वेळी कलर देणं सगळ्यात वाईट, कारण दोन्ही क्लायंट १२:४५ लाच केस धुवायला उठतात आणि बेसिन एकच असतं. अशा वेळी दोन्ही कलरच्या सुरुवातीत निदान वीस मिनिटांचं अंतर हवं.

मोकळी फट दिसली की भरली

हात मोकळे असताना दुसरा क्लायंट घेणं योग्यच आहे, पण वरच्या उदाहरणात ३५ मिनिटांच्या फटीत अर्ध्या तासाचा हेअरकट आहे. हातात उरतात पाच मिनिटं, तीही केस झाडण्यात आणि अवजारं पुसण्यात जातात. कापायला दहा मिनिटं जास्त लागली की कलरची क्लायंट ताटकळते, आणि उत्पादकाने सांगितलेल्या वेळेपेक्षा रंग जास्त काळ डोक्यावर राहणं बरं नाही. म्हणून या फटीत ज्याच्या केसांना किती वेळ लागतो हे पक्कं माहीत आहे असाच क्लायंट घ्यावा. नवीन चेहरा, ‘काहीतरी वेगळं करून बघू’ म्हणणारा, किंवा लांब दाट केस असतील तर नको. रंग धुण्याचं काम मदतनीस करू शकत असेल तर मात्र दहा मिनिटांचा श्वास मिळतो.

ब्लीचच्या वेळी फट आहे असं समजूच नये. केस किती उजळले हे पुन्हा पुन्हा उघडून पाहावं लागतं; तो वेळ डायरीत भरलेलाच धरायचा. स्टायलिस्टचं जेवणही रंग चढण्याच्या वेळेत ढकलू नये. घास हातात घेऊन दोनदा उठावं लागलं तर ते जेवण नव्हे. जेवणाची वेळ डायरीत अपॉइंटमेंटसारखी लिहावी, एकीची साडेअकराला, दुसरीची सव्वादोनला.

एकामागोमाग एक, मध्ये जागाच नाही

हेअरकटला सरासरी अर्धा तास लागतो म्हणून दर अर्ध्या तासाला नाव लिहिलं जातं. पण लवकर संपलेलं काम उशिरा संपलेल्याची भरपाई करत नाही. एक जण दहा मिनिटं आधी मोकळा झाला तरी पुढचा अजून आलेला नसतो. एक जण दहा मिनिटं रेंगाळला की पुढचे सगळे सरकतात. प्रत्येकापुढे पाच-पाच मिनिटं ठेवणं हा मला तितकासा पटणारा उपाय नाही, ती बोलण्यातच विरघळतात. त्यापेक्षा मध्यावर, १ ते १:१५, पंधरा मिनिटं सलग राखून ठेवा. वरच्या चार वेळांमध्ये १२:३० नंतर एकदम १:१५ आले ते याचसाठी. ही जागा ‘जरा बसवून घ्या ना’ म्हणणाऱ्याला द्यायची नाही.

‘किती वाजता येताय?’ असं विचारलं तर १२:१५ मागितले जातात, आणि आधीची पंधरा मिनिटं कुणाच्याच उपयोगाची राहत नाहीत. त्याऐवजी ‘बाराला जमेल की सव्वाला?’ असं विचारावं. ऑनलाइन बुकिंगमध्येही दर पंधरा मिनिटांची वेळ न दाखवता याच ठरलेल्या वेळा दाखवाव्यात.

उशीर होतो, पण कुठून सुरू होतो ते कळत नाही

दोन आठवडे प्रत्येक क्लायंटच्या नावापुढे वेळा लिहा: खुर्चीत बसल्याची, कलर असेल तर रंग लावून झाल्याची आणि केस धुवायला घेतल्याची, आणि खुर्ची रिकामी झाल्याची. प्रत्येक स्टायलिस्टची नोंद वेगळी ठेवा, कारण एकीचे ४० मिनिटांचं काम दुसरीला ५५ लागू शकतं आणि डायरीत दोघींना सारखाच वेळ दिलेला असतो.

मग उशीर पहिल्यांदा कुठे दिसतो ते पाहा. बाराचा क्लायंटच उशिरा बसला असेल तर दोष सकाळच्या लांब सेवेचा. ती अर्धा तास आधी सरकवा. बारा वेळेवर आणि पाऊणनंतर घसरण असेल तर कलरच्या फटीत बसवलेला हेअरकट किंवा बेसिनची रांग तपासा. क्लायंट आत येतात वेळेवर, बसतात वेळेवर, तरी बाहेर पडायला उशीर होतो असं दिसलं, तर त्या स्टायलिस्टला दिलेला वेळच कमी आहे. तिला घाई करायला सांगू नका, डायरीतला आकडा बदला.